लॉगिन पान मागणाऱ्या वाय-फायवर टीव्ही: रिमोटने लॉगिन, लॅपटॉपचा हॉटस्पॉट, छोटा राउटर की रेक्टरकडे अर्ज?

नेरुळच्या हॉस्टेलमधून मामेबहिणीचा फोन आला. "दादा, टीव्ही वाय-फायला जोडलाय असं दाखवतोय, पण यूट्यूब उघडलं की नुसतं गोल फिरत राहतं." कॉमन रूममधला ४३ इंची टीव्ही नवा होता आणि वाय-फायची रेंजही भरपूर होती. तिच्या मोबाइलवर तेच वाय-फाय जोडताच एक पान उघडलं. त्यात नंबर टाकला, ओटीपी आला आणि नेट सुरू झालं. टीव्हीवर मात्र ते पान आलंच नाही.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो. हाच प्रश्न तिथे मीटिंग रूमच्या टीव्हीबाबतही येतो. उपाय चार आहेत, पण कोणता कुठे चालेल हे कळायला आधी आत काय घडतं ते बघायला हवं.

अशा नेटवर्कमध्ये वाय-फायला जोडणं आणि नेट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला गेटवे, म्हणजे नेटकडे जाणाऱ्या वाटेवर बसलेलं यंत्र, त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून ओळखतो. मॅक म्हणजे यंत्राच्या वाय-फाय किंवा लॅन कार्डाचा स्वतःचा क्रमांक. लॉगिन झालं की तो अ‍ॅड्रेस ठरावीक वेळेपुरता मोकळा होतो. तोवर त्या यंत्राला लॉगिनच्या पानापलीकडे जवळपास काहीच दिसत नाही. मोबाइलला पान आपोआप सापडतं, कारण अँड्रॉइड जोडणी होताच `http://connectivitycheck.gstatic.com/generate_204` या पत्त्याला हाक मारून बघतो. तिथून कोरं उत्तर यायला हवं. त्याऐवजी भलतंच पान आलं की मध्ये कोणीतरी अडवतंय हे त्याला कळतं आणि तो ते पान समोर आणतो. बरेच टीव्ही ही तपासणी करत नाहीत, किंवा केली तरी पान दाखवत नाहीत. म्हणून वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं असतं आणि व्हिडिओ मात्र फिरत राहतो.

एक वेगळा प्रकार आधीच बाजूला काढू. वाय-फाय जोडतानाच, ब्राउझर न उघडता, पासवर्डबरोबर युजरनेमही मागितलं जात असेल तर ते एंटरप्राइझ पद्धतीचं नेटवर्क आहे. काही ऑफिसांत आणि कॉलेजांत ते असतं. घरगुती टीव्हींना बहुधा ती पद्धत येत नाही. तिथे रिमोटशी झटापट न करता थेट आयटीवाल्यांना भेटावं.

टीव्हीच्याच ब्राउझरमधून लॉगिन

यात खर्च काहीच नाही, म्हणून बहिणीला आधी हेच करायला लावलं. टीव्हीतला ब्राउझर उघडून पत्त्यात `http://neverssl.com` टाकायचं. इथे `https` नसलेलाच पत्ता हवा. सुरक्षित पानाची वाट गेटवेला गुपचूप वळवता येत नाही, त्यामुळे तिथे लॉगिनऐवजी नुसती एरर येते. साधा पत्ता टाकल्यावर लॉगिनचं पान आलं, पण ते मोबाइलच्या मापाचं होतं. खालची 'अटी मान्य' ही चौकट पडद्याबाहेर गेली होती आणि रिमोटच्या बाणांनी कर्सर तिथवर पोचेना. पान ७५ टक्क्यांवर लहान केलं तेव्हा कुठे ती चौकट दिसली.

दुसरी अडचण तारखेची. टीव्ही बरेच दिवस प्लगमधून काढून ठेवला असेल तर त्याची तारीख चुकलेली असू शकते. ती तो नेटवरून दुरुस्त करतो, आणि नेट तर लॉगिनशिवाय मिळत नाही. तारीख चुकीची असली की लॉगिन पानाचं सर्टिफिकेट टीव्हीला खोटं वाटतं आणि तो पान उघडायला नकार देतो. सर्टिफिकेटची सूचना दिसली तर सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ हाताने भरा, पान उघडेल.

हा मार्ग टिकतो की नाही, हे एका लॉगिनची मुदत किती आहे यावर ठरतं. बहिणीच्या हॉस्टेलमध्ये ती १२ तासांची होती. म्हणजे रोज संध्याकाळी कोणीतरी रिमोटने नंबर टाकायचा आणि आपल्या मोबाइलवर ओटीपीची वाट बघायची. शिवाय एका नंबरावर दोनच यंत्रं चालत होती, त्यामुळे जी मुलगी टीव्ही सुरू करेल तिचा लॅपटॉप बंद पडायचा. एकट्याच्या खोलीत, मुदत आठवडाभराची असेल तर हाच मार्ग पुरेसा आहे. कॉमन रूमसाठी तो टिकला नाही.

लॅपटॉपचा हॉटस्पॉट

त्याच रात्री मॅच होती, म्हणून तिच्या मैत्रिणीचा विंडोज लॅपटॉप कामाला लावला. लॅपटॉपवर नेहमीसारखं लॉगिन करायचं, मग सेटिंगमध्ये `Mobile hotspot` सुरू करायचा आणि टीव्ही त्याला जोडायचा. गेटवेला फक्त लॅपटॉप दिसतो, तो आधीच आत आलेला असतो, त्यामुळे टीव्हीला लॉगिनच लागत नाही.

इथे दोन गोष्टी नडतात. त्याच पानावर `Power saving` असा पर्याय आहे. तो चालू असेल तर कोणी जोडलेलं नसताना हॉटस्पॉट आपोआप बंद होतो, म्हणून तो आधी बंद करा. लॅपटॉप झोपी गेला तरी नेट जातं, तेव्हा चार्जर लावून स्लीपही बंद ठेवायची. दुसरी गोष्ट वेगाची. एकच वाय-फाय कार्ड हॉस्टेलकडून घेणार आणि टीव्हीला देणार, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. टीव्ही जुना असेल आणि हॉटस्पॉटचं नाव त्याला दिसतच नसेल तर बँड २.४ गिगाहर्ट्‌झवर ठेवून बघा, कारण काही टीव्हींना ५ गिगाहर्ट्‌झ पकडता येत नाही. मॅकबुक असेल तर हा मार्ग सोडाच. तो वाय-फायवरून घेतलेलं नेट पुन्हा वाय-फायवरून वाटत नाही.

खरं तर लॅपटॉप हाताशी असेल तर एचडीएमआय केबल जास्त सोपी. मग टीव्हीला नेटच लागत नाही, तो नुसता पडदा होतो. ऑफिसात प्रेझेंटेशनसाठी टीव्ही हवा असेल तर मी पहिल्यांदा केबलच हातात देतो आणि बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट मी यात धरलेला नाही. एचडी व्हिडिओला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. दिवसाला दीड जीबीचा पॅक अर्ध्या तासात संपू शकतो.

छोटा राउटर

खोलीत स्वतःचा टीव्ही असेल, वर्षभर तिथेच राहायचं असेल आणि हॉस्टेलची परवानगी असेल, तर माझी पसंती याला. मुठीत मावणारे ट्रॅव्हल राउटर मिळतात. घेताना त्यात `WISP` मोड आहे ना, हे आधी बघा. काही मेनूंत त्याचं नाव `Hotspot` असं असतं. या मोडमध्ये राउटर हॉस्टेलच्या वाय-फायला ग्राहक म्हणून जोडला जातो आणि आतल्या बाजूला तुमचं स्वतःचं नेटवर्क देतो. गेटवेला एकच मॅक दिसतो, राउटरचा. मोबाइल या नव्या नेटवर्कला जोडून लॉगिन पानावर ओटीपी टाकलात की टीव्हीही सुरू होतो. मुदत संपली तरी रिमोट हातात घ्यायची गरज नाही, मोबाइलवरूनच पुन्हा लॉगिन होतं.

आणखी एक फायदा आहे, आणि बहुतेकांना तो नंतर कळतो. हॉस्टेल-ऑफिसच्या वाय-फायवर एका यंत्राला दुसरं यंत्र दिसू नये अशी सोय केलेली असते. त्यामुळे लॉगिन झालेलं असलं तरी मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट होत नाही, टीव्हीचं नावच यादीत येत नाही. तुमच्या राउटरमागे टीव्ही आणि मोबाइल एकाच घरात असतात, तिथे कास्ट चालतं.

बिघाड कुठे होतो तेही सांगतो. घणसोलीच्या पीजीत राहणाऱ्या एका मित्राने राउटर लावला आणि लॉगिनचं पान काही केल्या येईना. लॅपटॉपवर `ipconfig` चालवून बघितलं. पीजीच्या वाय-फायवर गेटवे `192.168.0.1` होता आणि राउटरच्या वाय-फायवरही `192.168.0.1`. दोन्ही बाजूंना एकच पत्ता, त्यामुळे बाहेरच्या गेटवेकडे जायचं की स्वतःकडेच थांबायचं हे राउटरला कळत नव्हतं. राउटरचा आतला पत्ता बदलून `192.168.50.1` केला आणि पान लगेच आलं. असं होऊनही पान आलं नाही तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बघा. तिथे कोणी `8.8.8.8` भरून ठेवला असेल तर तो काढून 'आपोआप' ठेवायचा, कारण लॉगिन पानाचं नाव बऱ्याचदा फक्त हॉस्टेलच्या डीएनएसलाच माहीत असतं. आणि मोड चुकून 'रेंज एक्स्टेंडर' निवडला असेल तर टीव्हीला वेगळं लॉगिन मागितलं जाऊ शकतं, म्हणजे मूळ अडचण तशीच राहते.

राउटरला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. टीव्ही बंद झाला की ती जाते, आणि ती पुरेशी नसेल तर राउटर मध्येच रीस्टार्ट होत राहतो. मोबाइलचा चार्जर लावा.

ऑफिसात मात्र स्वतःचा राउटर लावू नका. आमच्याकडे अनोळखी अ‍ॅक्सेस पॉइंट स्क्रीनवर लाल दिसतो आणि तो कोणाचा हे शोधत आम्हाला मजलाभर फिरावं लागतं. त्यामागून कोण नेट वापरतंय ते आम्हाला दिसत नाही, म्हणून ते धोक्याचंच धरावं लागतं.

मॅक नोंदवून घेणं

सगळ्यांच्या वापराच्या टीव्हीसाठी हाच खरा उपाय. गेटवे सांभाळणारा माणूस टीव्हीचा मॅक लॉगिनमधून वगळू शकतो. मला हे काम पाच मिनिटांचं असतं. वेळ जातो तो परवानगीत. बहिणीने रेक्टर मॅडमना लेखी अर्ज दिला, त्यात टीव्ही कुठे आहे, कोणाच्या वापरासाठी आहे आणि त्याचा मॅक लिहिला. वाय-फाय सांभाळणाऱ्या माणसाने चौथ्या दिवशी नोंद केली.

मॅक टीव्हीच्या सेटिंगमध्ये, नेटवर्क किंवा 'अबाउट'खाली मिळतो. तिथे दोन मॅक असू शकतात, एक वाय-फायचा आणि एक लॅन केबलचा. ज्या मार्गाने टीव्ही जोडणार त्याचाच द्या. केबलचा नोंदवून वाय-फायवर चालवलं तर लॉगिन मागितलंच जाईल. गुगल टीव्हीमध्ये त्या वाय-फायच्या सेटिंगखाली `Randomized MAC` असा पर्याय दिसला तर तो बंद करून यंत्राचा मूळ मॅक निवडा आणि मगच अंक उतरवा. नाहीतर नोंदवलेला मॅक एक आणि गेटवेला दिसणारा दुसराच, असं होतं.

बहिणीच्या अर्जात पहिल्यांदा हीच चूक झाली होती. शेवटचे अंक जुळत नव्हते, म्हणून नोंद होऊनही लॉगिनचं पान येत राहिलं. तिने टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पाठवला, त्यावरून अंक दुरुस्त झाले. तो फोटो आता कॉमन रूमच्या नोटीस बोर्डामागे चिकटवलाय. नवीन सत्रात जुन्या नोंदी पुसल्या गेल्या तर पुन्हा अर्ज त्यावरूनच करता येईल.