स्टॅकिंग की ब्लेंडिंग? आणि आउट-ऑफ-फोल्ड प्रेडिक्शन नक्की कुठली गळती थांबवतात

तीन-चार बरी मॉडेल्स तयार आहेत, प्रत्येक वेगळ्या ठिकाणी चुकतं, आणि आता या बेस मॉडेल्सच्या उत्तरांवर अजून एक छोटं मॉडेल, म्हणजे मेटा-लर्नर, बसवायचं आहे जे कुणाचं किती ऐकायचं हे ठरवेल, तर इथं दोन रस्ते फुटतात. स्टॅकिंगमध्ये ट्रेनिंग डेटाचे पाच फोल्ड पाडून प्रत्येक रो साठी आउट-ऑफ-फोल्ड, थोडक्यात ओओएफ, प्रेडिक्शन काढतात आणि मेटा-लर्नर त्या सगळ्यांवर शिकतो. ब्लेंडिंगमध्ये सरळ 20 टक्के रो बाजूला ठेवायचे, बेस मॉडेल्स उरलेल्या 80 टक्क्यांवर ट्रेन करायची आणि मेटा-लर्नर फक्त त्या 20 टक्क्यांवर. स्टॅकिंगची मूळ कल्पना वोल्पर्ट यांची, 1992 ची. ब्लेंडिंग हा शब्द 2009 मध्ये संपलेल्या नेटफ्लिक्स प्राइझ स्पर्धेच्या काळात जास्त रुळला. आजकाल लोक दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात, त्यामुळे कुणी "आम्ही ब्लेंड केलं" म्हणालं की आधी विचारा, होल्डआउट होता की फोल्ड, की नुसती सरासरी.

दोन्हींचं दुखणं एकच आहे, गळती, म्हणजे मेटा-लर्नरला शिकतानाच उत्तरं आधी दिसणं, आणि ते न समजता निवड करण्यात काही अर्थ नाही, म्हणून आधी तेच बघू.

समजा 10,000 रो आहेत, दोन क्लास, निम्मे-निम्मे. खरा क्लास फीचर्समधून नीट कळतो, पण लेबल लावताना कुठल्याही 20 टक्के रो ची लेबलं उलटी पडलीत. बेस मॉडेल्स दोनच घेऊ: एक लॉजिस्टिक रिग्रेशन आणि एक नीअरेस्ट नेबर, तोही एकाच शेजाऱ्याचा. लॉजिस्टिकला खरी सीमारेषा सापडते, त्यामुळे नवीन डेटावर त्याची अ‍ॅक्युरसी 80 टक्क्यांच्या आसपास येणार, आणि त्यापुढे कुणीच जाऊ शकत नाही कारण उरलेली 20 टक्के लेबलंच चुकीची आहेत. नेबरवाल्याचं काय? नवीन रो आला की तो सगळ्यात जवळच्या रो चं लेबल उचलतो. दोघांची लेबलं बरोबर असण्याची शक्यता 0.8 × 0.8, दोघांची उलटी असण्याची 0.2 × 0.2, दोन्ही वेळा उत्तर जुळतं, म्हणजे एकूण 0.68. थोडक्यात लॉजिस्टिक 80, नेबर 68.

आता घाईत असलेला माणूस काय करतो, तर दोन्ही मॉडेल्स सगळ्या 10,000 रो वर ट्रेन करतो, त्याच 10,000 रो वर प्रेडिक्ट करतो आणि ती दोन कॉलम मेटा-लर्नरला देतो. पण ट्रेनिंग रो चा सगळ्यात जवळचा शेजारी तो स्वतःच! म्हणजे नेबरच्या कॉलममध्ये लेबल जसंच्या तसं उतरलं, उलटी पडलेली लेबलं सुद्धा. मेटा-लर्नरला दिसतं की हे मॉडेल 100 टक्के बरोबर आहे आणि ते दुसरं बिचारं 80, मग तो सगळं वजन नेबरला देऊन मोकळा होतो, त्याचं तरी काय चुकलं, पेपर त्याच्या हातात फुटूनच आला होता. टेस्टवर गेल्यावर एन्सेंबलची अ‍ॅक्युरसी येते 68, म्हणजे एकटं लॉजिस्टिक लावलं असतं तर 12 पॉइंट जास्त मिळाले असते.

एकाच शेजाऱ्याचं उदाहरण टोकाचं आहे हे खरं, पण पूर्ण खोलीपर्यंत वाढवलेल्या झाडांचं रँडम फॉरेस्ट किंवा खूप राउंड चालवलेलं बूस्टिंग हेच करतं, फक्त कमी उघडपणे. जे मॉडेल जितकं जास्त पाठांतर करतं तितकं त्याला जास्त वजन मिळतं, म्हणजे विश्वासाचा क्रम बरोबर उलटा लागतो.

आउट-ऑफ-फोल्ड याच जागी कामाला येतं. 10,000 चे 2,000 चे पाच गट करायचे, पहिला गट झाकायचा, उरलेल्या 8,000 वर मॉडेल ट्रेन करायचं, झाकलेल्या 2,000 वर प्रेडिक्ट करायचं, मग दुसरा गट झाकायचा, असं पाच वेळा. शेवटी प्रत्येक रो समोर जे प्रेडिक्शन उरतं ते अशा मॉडेलचं असतं ज्यानं त्या रो चं लेबल बघितलेलंच नाही. आपल्या उदाहरणात नेबरचा कॉलम आता 68 टक्केच बरोबर दिसतो, मेटा-लर्नर त्याचं वजन शून्याजवळ नेतो आणि एन्सेंबल 80 वर येतं. पायथनच्या सायकिट-लर्नमध्ये एका बेस मॉडेलसाठी एवढंच:

```python
oof = cross_val_predict(model, X, y, cv=folds,
                        method="predict_proba")[:, 1]
```

`folds` सगळ्या बेस मॉडेल्सना तेच द्या. आणि नुसता `cv=5` दिला तर रो शफल होत नाहीत, फाइल कशानं तरी सॉर्ट झालेली असली तर फोल्ड विचित्र पडतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

ब्लेंडिंग हीच गळती जास्त साध्या मार्गानं बंद करतं, कारण होल्डआउटचे 2,000 रो बेस मॉडेल्सनी पाहिलेलेच नसतात. मग फरक कुठं पडतो?

पहिला फरक मेटा-लर्नरला किती डेटा मिळतो याचा. निम्मे-निम्मे क्लास असतील आणि बेस मॉडेल्स तीन-चारच असतील तर 2,000 रो भरपूर झाले, लॉजिस्टिक रिग्रेशनला चार-पाच आकडेच शिकायचेत. पण तोच टेबल घ्या आणि पॉझिटिव्ह फक्त 1 टक्का करा. होल्डआउटमध्ये पॉझिटिव्ह उरले 20. वीस उदाहरणांवर सहा मॉडेल्सची वजनं ठरवायची म्हणजे सीड बदलला की वजनं बदलणार, आज बूस्टिंग पुढे, उद्या फॉरेस्ट. स्टॅकिंगमध्ये मेटा-लर्नरला सगळे 100 पॉझिटिव्ह मिळतात, आणि शेवटी बेस मॉडेल्स पूर्ण 10,000 वर परत ट्रेन होतात. डेटा कमी किंवा क्लास दुर्मिळ असेल तर मी ब्लेंडिंगकडे बघणारच नाही.

दुसरा फरक वेळेचा आणि मशीनचा. पाच फोल्ड म्हणजे प्रत्येक बेस मॉडेल पाच वेळा, अधिक शेवटचं पूर्ण डेटावरचं एक, एकूण सहा ट्रेनिंग. ब्लेंडिंगमध्ये एक, फार तर दोन. एक मॉडेल ट्रेन व्हायला दहा तास लागत असतील तर साठ तास कुणी देणार नाही, आणि तेवढं मोठं मॉडेल असतं तेव्हा बहुतेक डेटाही लाखांत असतो, मग 20 टक्के बाजूला ठेवल्यानं काही बिघडत नाही. तिथं ब्लेंडिंगच.

तिसरी गोष्ट काळाची. डेटाला तारखा असतील आणि उद्याचं भाकीत करायचं असेल तर नेहमीचे फोल्ड भविष्यातल्या रो वर ट्रेन होऊन भूतकाळ सांगतात, म्हणजे लेबल झाकलं तरी गळती राहिलीच. ब्लेंडिंगमध्ये शेवटचे काही महिने होल्डआउट ठेवले की काम झालं. स्टॅकिंग इथं करता येतं, पण फोल्ड पुढे सरकत जाणारे हवेत, आणि सायकिट-लर्नचं `StackingClassifier` त्याला `TimeSeriesSplit` दिला तर एररच देतं, कारण सुरुवातीचे रो कुठल्याच टेस्ट फोल्डमध्ये येत नाहीत. मग लूप हातानं लिहावा लागतो.

आता ब्लेंडिंगची एक खास खोड. ज्या होल्डआउटवर मेटा-लर्नर शिकणार, त्याच होल्डआउटवर बूस्टिंगचं अर्ली स्टॉपिंग लावायचं, हे सर्रास चालतं. राउंडची संख्या त्या 2,000 रो साठी निवडली गेली, म्हणजे त्या मॉडेलला तिथं थोडी फुकटची मदत मिळाली, आणि मेटा-लर्नर त्याला थोडं जास्त वजन देणार. 12 पॉइंटांचं नुकसान नाही होणार, पण मॉडेल्समध्ये फरकच अर्ध्या पॉइंटाचा असला तर क्रम बदलायला एवढं पुरतं. फोल्डमध्येही हेच लागू: अर्ली स्टॉपिंगसाठी त्या 8,000 मधलाच एक तुकडा काढा, झाकलेल्या गटाला हात लावू नका.

आणि "ओओएफ केलंय म्हणजे गळती नाही" असं समजणाऱ्यांसाठी एक गंमत. फोल्ड जितके जास्त तितकं बरं असं वाटून कुणी लीव्ह-वन-आउट लावतं, म्हणजे दर वेळी एकच रो झाकायचा. 1,000 रो घ्या, 300 पॉझिटिव्ह, आणि बेस मॉडेल सगळ्यात बावळट, फक्त सरासरी सांगणारं. पॉझिटिव्ह रो झाकला की उरतात 999 मधले 299, प्रेडिक्शन 0.2993. निगेटिव्ह झाकला तर 999 मधले 300, म्हणजे 0.3003. काही न शिकलेल्या मॉडेलच्या कॉलममध्ये लेबल पूर्ण लिहिलेलं आहे, फक्त उलटं! मेटा-लर्नर म्हणून झाड लावलं तर ते 0.2998 वर एक काप मारतं आणि ट्रेनिंगमध्ये 100 टक्के. टेस्टवर सगळ्यांना 0.3000 मिळतं, म्हणजे सगळे निगेटिव्ह. लेबल थेट नाही दिसलं, पण "बाकीच्यांमधून काय गायब आहे" यातून कळलं. प्रत्यक्षात हे टार्गेट एन्कोडिंगमध्ये, म्हणजे कॅटेगरीच्या जागी तिच्या लेबलांची सरासरी ठेवताना, फार होतं, जिथं एखाद्या कॅटेगरीत मोजके पाच-सहाच रो असतात. पाच किंवा दहा स्ट्रॅटिफाइड फोल्ड आणि साधा, वजनं आवळून धरणारा मेटा-लर्नर घेतला की हा प्रकार बहुतेक दबतो. ब्रायमन यांनी 1996 मध्ये रिग्रेशनच्या स्टॅकिंगसाठी वजनं ऋण होऊ द्यायची नाहीत अशी अट घातली होती, आणि ती इथंही उपयोगी पडते, कारण उलटं लिहिलेलं लेबल वाचायला ऋण वजनच लागतं.

एन्कोडिंग, स्केलिंग, फीचर सिलेक्शन, जे काही डेटा बघून ठरतं ते फोल्डच्या आत, पाइपलाइनमध्ये. एकाच पेशंटचे चार रिपोर्ट असतील तर चारही एकाच फोल्डमध्ये, नाहीतर मॉडेल पेशंट ओळखायला शिकतं, आजार नाही. ब्लेंडिंगचा होल्डआउट पाडतानाही हे दोन्ही नियम तसेच.

गळती झालीय का हे बघायला फार काही लागत नाही. प्रत्येक बेस मॉडेलच्या मेटा-कॉलमचा हिस्टोग्राम ट्रेनवर आणि टेस्टवर शेजारी शेजारी काढा. ट्रेनवर सगळं 0 आणि 1 ला चिकटलेलं आणि टेस्टवर मधे पसरलेलं दिसलं तर कॉलम इन-सॅम्पल आहे. वजनंही बघा: स्वतःच्या ओओएफ स्कोअरवर सगळ्यात मागे असलेलं मॉडेल सगळ्यात जास्त वजन घेऊन बसलं असेल तर शंका घ्या. ट्रेनवर आणि टेस्टवर थोडा फरक मात्र राहणारच, कारण ओओएफ कॉलम 8,000 वाल्या पाच मॉडेल्समधून आलाय आणि टेस्टचा 10,000 वाल्या एका मॉडेलमधून, त्याला गळती समजू नका.

माझं मत विचाराल तर काही हजार ते एखाद लाख रो, तारखांचा संबंध नाही, ट्रेनिंग मिनिटांत होतंय: स्टॅकिंग, पाच फोल्ड, वर लॉजिस्टिक किंवा रिज. तारखा आहेत किंवा ट्रेनिंगला दिवस जातात: ब्लेंडिंग, होल्डआउट शेवटच्या काळातला. दोन्हीकडे कधीच न शिवलेला एक टेस्ट संच वेगळा ठेवा आणि त्यावर नुसत्या सरासरीचा स्कोअरही काढा, कारण मेटा-लर्नर सरासरीपेक्षा पुढे जात नसेल तर तो काढून टाकायला दोन मिनिटं लागतात आणि सांभाळायची एक गोष्ट कमी होते.