पट्टा २० चा, पिन मात्र १८ ची

घड्याळाचा पट्टा बदलताना मी फसलो. पट्टा चांगला होता, माप बरोबर होतं, बसवण्यातही चूक नव्हती. विकणाऱ्याने पट्ट्याच्या आत भलतीच पिन घातली होती आणि ती बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. नवव्या दिवशी जिना उतरताना घड्याळ मनगटावरून निसटलं, पायरीवर आपटलं आणि काचेला आरपार तडा गेला.

आधी मापाचं सांगतो, कारण नंतर सगळा वाद तिथेच येऊन अडकला. पट्टा जिथे बसतो तिथे केसमधून, म्हणजे घड्याळाच्या डबीतून, दोन बाजूंना शिंगांसारखी टोकं बाहेर येतात, त्यांना लग म्हणतात. या दोन लगांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर म्हणजे पट्ट्याचं माप. डायल केवढी, केस केवढी याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. ४२ मिमी केसच्या एका घड्याळाला २० चा पट्टा लागतो, तर दुसऱ्याला २२ चा. मी विक्रेत्याला विचारलं तेव्हा त्याने केसचं माप विचारून 'मग २० घ्या' असं ठोकून दिलं होतं. त्याचा अंदाज बरोबर निघाला, पण तो नशिबाचा भाग. मी स्वतः कॅलिपरच्या आतल्या चोचींनी, पिनची भोकं असतात त्या रेषेत मोजलं होतं: बरोबर २०.०. जुना पट्टा मोजून चालत नाही, कारण वापरून त्याच्या कडा झिजतात आणि तो अर्धा-एक मिलिमीटर कमी भरतो. कॅलिपर नसेल तर कागदाची पट्टी कापत कापत लगांमध्ये अलगद बसेल इतकी करायची आणि मग ती पट्टी मोजायची. लगांवर वरून मोजपट्टी धरून डोळ्यांनी बघितलं तर १९ की २० हे नक्की सांगता येत नाही.

पट्टा आला तो चामड्याचा, क्विक रिलीज पिनवाला. या पिनेत एक बारीक नळी असते, आत स्प्रिंग असते आणि दोन्ही टोकांना बारीक कुसं असतात. ही कुसं लगांच्या भोकांत शिरतात. पट्ट्याच्या मागच्या बाजूला एक छोटी खाच असते आणि तिच्यातून पिनेची कळ डोकावते. नखाने ती कळ आत ओढली की त्या बाजूचं कुस आत जातं. एक टोक आधी भोकात घालायचं, कळ ओढून दुसरं टोक लगेमध्ये आणायचं आणि कळ सोडायची. कुस भोकात शिरताना बारीकसा 'टक्' होतो. बक्कलवाला तुकडा बाराच्या बाजूला, भोकांचा लांब तुकडा सहाच्या बाजूला. मऊ फडक्यावर घड्याळ पालथं घालून मी दोन्ही तुकडे पाच मिनिटांत बसवले.

इतक्या सहज बसले याचंच मला कौतुक वाटलं, आणि खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. एरवी कळ चांगली ओढावी लागते, नखाला टोचते. या वेळी ती जेमतेम हलवली आणि पट्टा आत गेला. टक् झालं, पण दबलेलं. मी पट्टा एकदा हलकेच ओढून पाहिला, निघाला नाही, आणि मनगटावर चढवला.

घड्याळ पडल्यावर निसटलेला तुकडा हातात घेऊन बघत बसलो. पिन वाकलेली नाही, मोडलेली नाही, स्प्रिंग जिवंत. मग कडेने नीट बघितलं तर कुस पट्ट्याच्या कडेबाहेर जवळजवळ आलेलंच नव्हतं, नुसता एक चमकता ठिपका दिसत होता. पिन बाहेर काढून मोजली. कुसांसकट, पूर्ण मोकळी असताना, २०.४ मिमी. लगांमधलं अंतर २०.० असताना दोन्ही भोकांत मिळून फक्त ०.४ मिमी आत जात होतं. माझ्याकडे जुन्या पट्ट्याची २० ची साधी स्प्रिंग बार, म्हणजे कळ नसलेली पिन, पडली होती, ती मोजली: २२.६. पिन पट्ट्याच्या मापापेक्षा दोन-अडीच मिलिमीटर लांब असते, म्हणजे मला आलेली पिन १८ च्या पट्ट्याची होती.

मग नऊ दिवस टिकलं कसं? नव्या चामड्यामुळे. पट्टा लगांमध्ये घट्ट बसला होता आणि कडक चामड्याने पिनेला मधोमध धरून ठेवलं होतं. घामाने आणि रोजच्या वाकण्याने चामडं सैल झालं, पिन एका बाजूला पाव मिलिमीटर सरकली आणि दुसरं टोक भोकातून बाहेर. सहाच्या बाजूची पिन अजून जागेवर होती, तीसुद्धा काढून मोजली. तीही २०.४.

विक्रेत्याला मोजमापाचे फोटो पाठवले. उत्तर आलं की पट्टा २० चाच आहे, तुमच्या लगांचं अंतर २१ असेल, आणि वापरलेला माल परत घेत नाही. पट्टा २० चा होता हे खरंच, फसवणूक नेमकी त्याच्या आड लपली होती. पिना पट्ट्यात घालूनच पाठवलेल्या असतात, त्या कोण मोजतो! जाहिरातीतल्या फोटोत मात्र कुसं दोन्ही कडांना चांगली बाहेर आलेली स्पष्ट दिसतात. तो फोटो या मालाचा नाही एवढं नक्की.

चुकून झालं असेल असं मी स्वतःला समजावत होतो. तेवढ्यात ऑफिसमधल्या एका मित्राने त्याच विक्रेत्याकडून घेतलेला २० चाच पट्टा आणून दिला, अजून पाकिटात. पाकीट फोडतानाच व्हिडिओ काढला, पिना मोजल्या. दोन्ही २०.४. विक्रेत्याकडे १८ च्या पिनांचा साठा असावा आणि तोच तो सगळ्यांत भरत असावा. मित्राचा पट्टा मात्र परत गेला, कारण तो वापरलेला नव्हता आणि व्हिडिओ होता.

तर पट्टा हातात आला की बसवण्याआधी पट्ट्याची कड डोळ्यांसमोर धरा. दोन्ही बाजूंना कुस साधारण एक मिलिमीटर तरी बाहेर दिसायला हवं, आणि पिन एकूण लगांच्या अंतरापेक्षा दोनेक मिलिमीटर लांब भरायला हवी. बसवल्यावर ओढून बघणं पुरेसं नाही, मी तेच केलं होतं. पट्टा लगांच्या मध्ये डावीकडे-उजवीकडे ढकलून बघा, आधी एका बाजूला दाबून धरून ओढा, मग दुसऱ्या बाजूला. आखूड पिन असेल तर बऱ्याचदा तिथेच सुटते. लगांना बाहेरून आरपार भोकं असतील तर काम आणखी सोपं, कुस बाहेरून दिसतं. हे सगळं मऊ फडक्यावर करा, हवेत नाही.

काच बदलून आणली. पट्टा मी टाकला नाही, कारण चामडं खरंच छान आहे. त्याच्या पिना काढून आत २० च्या साध्या स्प्रिंग बार घातल्या. मागची खाच आता रिकामी दिसते आणि पट्टा काढायला चिमटीसारखं हत्यार लागतं, पण आज दोन महिने तो जागचा हललेला नाही.