यष्टीचीत, धावचीत आणि तो ‘इशारा’: आधी कुठला बाद समजून घ्यावा?

यष्टीचीत, धावचीत आणि चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरची गोलंदाजाने बेल उडवणं, या तिन्हींत घडतं एकच: फलंदाज क्रीझबाहेर आणि बेल पडलेली. म्हणून नवा प्रेक्षक गोंधळतो. तरी सुरुवात यष्टीचीतपासून केलेली बरी.

यष्टीचीतला दोनच प्रश्न विचारायचे. फलंदाज धाव घेत होता का? नव्हता. यष्टिरक्षकाने एकट्यानेच, दुसऱ्या क्षेत्ररक्षकाच्या मदतीशिवाय बेल उडवली का? हो. मग यष्टीचीत, आणि बळी गोलंदाजाच्या नावावर. पाय रेषेवर असला तरी बाद. रेषेच्या आत काहीतरी टेकलेलं हवं. वाइडवर यष्टीचीत होता येतं, नो-बॉलवर नाही.

धावचीतचा पसारा मोठा आहे. यष्टिरक्षकाने बेल पाडली म्हणजे यष्टीचीत, हा समज तिथे हमखास फसवतो. २०१६ च्या टी-२० विश्वचषकातला बेंगळुरूचा भारत-बांगलादेश सामना घ्या. सब्बीर रहमान रैनाच्या चेंडूवर क्रीझबाहेर राहिला आणि धोनीने बेल उडवली: यष्टीचीत. शेवटच्या चेंडूवर स्ट्रायकरच्या बॅटला काही लागलं नाही, तरी दोघे धावले. धोनीने पळत येऊन त्याच टोकाची बेल पाडली आणि पलीकडून येणारा मुस्तफिझुर बाद झाला. यष्टिरक्षक तोच, टोकही तेच. पण धाव चालू होती, म्हणून धावचीत. भारत एका धावेने जिंकला. हा बळी मात्र कुठल्याच गोलंदाजाच्या खात्यात गेला नाही.

तिसऱ्या प्रकाराबद्दल खरी कटकट एकच: “आधी इशारा दिला होता का?” नियमात इशाऱ्याची अट नाहीच. विनू मंकड यांनी १९४७ मध्ये सिडनी कसोटीत बिल ब्राउनला असं बाद केलं. त्याआधी एका दौरा सामन्यात त्यांनी इशारा दिला होता. तो सौजन्याचा भाग. ऑक्टोबर २०२२ पासून हा बाद ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून धावचीतच्या कलमात घातला आहे. त्यामुळे धावफलकावर फक्त धावचीत दिसतं.

पाहायचा असतो तो गोलंदाजाचा हात. चेंडू साधारणपणे हातातून सुटायचा क्षण येईपर्यंतच, म्हणजे हात सर्वांत वर पोहोचेपर्यंतच, बेल उडवायची मुभा असते. जानेवारी २०२३ मध्ये बिग बॅशच्या मेलबर्नमधल्या सामन्यात ॲडम झॅम्पाने टॉम रॉजर्सची बेल उडवली. रॉजर्स क्रीझबाहेर होता, पण झॅम्पाचा हात उभ्या रेषेच्या पुढे गेला होता. तिसऱ्या पंचाने नाबाद दिलं.

न्याय-अन्यायावर मतं वेगळी असतील. पण रिप्लेत नजर नॉन-स्ट्रायकरच्या पायांवरच खिळवली, तर अर्धाच निकाल दिसतो. खांदा आणि मनगटही पाहावं. नॉन-स्ट्रायकर असा बाद झाला तरी तो चेंडू षटकात मोजत नाहीत, कारण तो टाकलेलाच नसतो.