ग्रेन, रंगांच्या कडा, धूसर पार्श्वभूमी, काळवंडलेले कोपरे: गेममध्ये नेमकं काय बंद करावं?

नवा गेम टाकला की ग्राफिक्सच्या मेनूत जायचं आणि फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक ॲबरेशन, डेप्थ ऑफ फील्ड आणि व्हिग्नेट ही चारही बटणं बंद करायची, अशी सवय बऱ्याच जणांना असते. मलाही होती. पण चारही एकाच तागडीत तोलता येत नाहीत. एक इफेक्ट चित्रातला तपशील मोडतो, एक तो झाकतो, एक मुद्दाम पुसतो आणि एक नुसता अंधार करतो. हा फरक कळला की प्रत्येकाचा निर्णय वेगळा होतो. माझा कल आधीच सांगतो: क्रोमॅटिक ॲबरेशन नेहमी बंद, डेप्थ ऑफ फील्ड खेळताना बंद, ग्रेन तुमच्या स्क्रीनवर अवलंबून, आणि व्हिग्नेट शेवटी.

क्रोमॅटिक ॲबरेशन: याच्या बाजूने बोलायला फारसं काही नाही

खऱ्या कॅमेऱ्याचं भिंग सगळे रंग एकाच बिंदूवर आणू शकत नाही, म्हणून फोटोच्या कडेला रंगीत किनारी दिसतात. भिंग बनवणारे हा दोष घालवायला जिवापाड मेहनत घेतात. गेम मात्र तोच दोष मुद्दाम घालतो. त्याची साधी पद्धत अशी, की तयार चित्रातला लाल रंगाचा थर मध्यापासून बाहेरच्या दिशेने किंचित ताणायचा आणि बाकीचे थर तसेच ठेवायचे. काही गेम निळाही उलट्या दिशेने सरकवतात.

आकडे घालून पाहू. स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ९६० पिक्सेल. लाल थर फक्त ०.३ टक्के ताणला, तर अगदी कडेला तो ९६० × ०.००३, म्हणजे जवळपास ३ पिक्सेल सरकतो. मध्य आणि कडा यांच्या बरोबर मधोमध दीड पिक्सेल, आणि मध्यावर शून्य. आता उजव्या कडेजवळ उजळ आकाशावर एक उभी काळी तार आहे, २ पिक्सेल जाडीची. लाल थरातली तार ३ पिक्सेल बाहेर गेली. तार मुळात होती तिथे हिरवा आणि निळा नाही, पण लाल आला, म्हणून तिथे लाल रेघ दिसते. तिच्या बाहेरच्या बाजूला लाल गेला, हिरवा-निळा उरला, म्हणून तिथे आकाशी-हिरवट रेघ दिसते. काळी तार कुठेच उरली नाही. तिच्या जागी दोन रंगीत रेघा आल्या.

यालाच मी तपशील मोडणं म्हणतो. ‘मग ४के स्क्रीन घेतली की सुटेल’ असं वाटतं, पण ताण टक्क्यांत असल्यामुळे ४के वर तो कडेला जवळपास ६ पिक्सेल होतो. पिक्सेल अर्ध्या आकाराचे झाले, सरकणं दुप्पट झालं, डोळ्यांना फरक तेवढाच. शार्पनेस वाढवल्यावर तर त्या रंगीत किनारी आणखी ठळक होतात. म्हणून आधी हा इफेक्ट बंद करा, शार्पनिंगला हात नंतर लावा.

चालू ठेवण्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की सीसीटीव्हीच्या पडद्यातून पाहणं किंवा पात्राला भोवळ येणं अशा प्रसंगात त्याला अर्थ असतो. तेवढ्यापुरता तो बहुतेक वेळा वेगळा लावलेला असतो आणि मुख्य बटण बंद केलं तरी दिसतो. तो तसाच राहू द्यावा.

बटण नेहमी त्याच नावाने सापडेल असं नाही. २०१९ च्या ‘रेसिडेंट इव्हिल २’ मध्ये ते लेन्स डिस्टॉर्शनच्या पर्यायात दडलेलं आहे: एक पर्याय नुसत्या वक्रतेचा, दुसरा वक्रता आणि क्रोमॅटिक ॲबरेशन मिळून, तिसरा बंदचा. २०१५ च्या ‘ब्लडबोर्न’मध्ये तर खेळाडूला ते बंद करायची सोयच नाही, आणि त्या गेमच्या देखण्या दगडी कोरीवकामाबद्दल मला याची मनापासून हळहळ वाटते.

डेप्थ ऑफ फील्ड: खेळताना एक, कटसीनमध्ये दुसरं

इथे निवड खरोखर दोन्ही बाजूंनी आहे. खेळताना हा इफेक्ट माझ्या मते नको, आणि त्याचं कारण अगदी सरळ आहे: तुम्ही कुठे पाहताय हे गेमला माहीत नसतं. तो स्क्रीनचा मध्य किंवा तुमचं पात्र धरतो आणि बाकीचं धूसर करतो. तुमची नजर मात्र डावीकडच्या लांबच्या खिडकीवर असते, आणि तिथेच धुकं पसरलेलं असतं.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. धूसर किती करायचं हे ठरवायला गेम प्रत्येक पिक्सेलची खोली पाहतो, आणि एका पिक्सेलला एकच खोली नोंदवलेली असते. काच, धूर, केसांची विरळ टोकं अशा पारदर्शक गोष्टी बहुधा स्वतःची खोली नोंदवत नाहीत. म्हणून समोरच्या काचेवर चिकटवलेलं स्टिकर मागच्या रस्त्याइतकं लांब समजलं जातं आणि पुसट होतं. पात्राच्या केसांभोवती जी चमत्कारिक तुकड्यातुकड्यांची कडा दिसते, तिचं मूळही बहुतेक इथेच असतं.

कटसीनची गोष्ट वेगळी. तिथे नजर कुठे असावी हे दृश्य रचणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि मागची भिंत, गर्दी, झाडं ही धूसर दिसणार असं धरूनच मांडलेली असतात. इफेक्ट बंद केला की मागच्या लोकांचे ढोबळ चेहरे आणि सपाट टेक्स्चर एकदम उघडे पडतात. चेहऱ्यावरचं लक्षही विखुरतं. त्यामुळे मेनूत दोन्हींसाठी वेगळे पर्याय असतील, तर खेळताना बंद आणि कटसीनला चालू ही माझी निवड. एकच बटण असेल तर गेम पाहून ठरवा. संवादांवर चालणारा गेम असेल तर मी चालू ठेवतो. नेमबाजीचा असेल तर विचारही न करता बंद.

चौघांपैकी ग्राफिक्स कार्डला खरा भार याचाच, विशेषतः वरच्या दर्जावर आणि कॅमेरा चेहऱ्याजवळ आल्यावर. बाकीचे तीन जवळपास फुकट चालतात. फ्रेम वाढतील या आशेने ते बंद करणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

फिल्म ग्रेन: बंद करण्याआधी अंधारी जागा बघा

ग्रेन म्हणजे चित्रावर दर फ्रेमला बदलणारी बारीक रवाळ चादर. ती खालचा तपशील मोडत नाही, झाकते. काढली की सगळं जसंच्या तसं खाली असतं. म्हणून बहुतेकांनी ती काढावीच, आणि खेळ रेकॉर्ड करणाऱ्यांनी किंवा दुसऱ्या स्क्रीनवर स्ट्रीम करणाऱ्यांनी तर नक्कीच. व्हिडिओचं कॉम्प्रेशन ‘मागच्या फ्रेमसारखंच’ असेल ते जपून जागा वाचवतं, आणि ग्रेन कुठल्याच फ्रेममध्ये मागच्यासारखं नसतं. सगळे बिट त्या रव्यांवर खर्च होतात आणि चेहऱ्यांवर चौकोनी ठोकळे उमटतात.

तरीही एक गोष्ट ग्रेन चांगली करते. ८ बिटच्या स्क्रीनवर प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. समजा रात्रीचं आकाश पायरी ८ पासून पायरी २० पर्यंत हळूहळू उजळत १२०० पिक्सेल पसरलंय. म्हणजे १२०० पिक्सेलमध्ये फक्त १२ चढ, प्रत्येक पट्टा १०० पिक्सेलचा. एवढे रुंद पट्टे डोळ्यांना सहज दिसतात. ग्रेन त्यांच्या सीमा विस्कटून टाकते, आणि उतार पुन्हा गुळगुळीत वाटतो. धुकं आणि अंधार असलेल्या भयपटासारख्या गेममध्ये ग्रेन काढल्यावर आकाशात कंगोरे दिसू लागले, तर ते यामुळेच. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमधून १० बिट आउटपुट देता आलं तर ते करून बघा, पण गेम स्वतःच ८ बिटमध्ये चित्र तयार करत असेल तर त्यानेही पट्टे जात नाहीत. मग स्लायडर असल्यास ग्रेन अगदी थोडी ठेवा.

ग्रेन बंद केली तरी रवाळपणा राहिला, असंही होतं. तेव्हा कॅमेरा स्थिर धरा. ग्रेन साधारण सगळ्या चित्रावर सारखी नाचते. रवे फक्त चकचकीत फरशीवर, सावलीच्या कडेला किंवा केसांवर असतील, तर ते रे ट्रेसिंगचं किंवा प्रतिबिंबांचं काम आहे, आणि ग्रेनच्या बटणाने ते जाणार नाहीत.

व्हिग्नेट

हा फक्त कोपरे काळे करतो. तपशील तिथेच असतो, पण कमी उजेडात. उजळ दिवसाच्या दृश्यात तो चालू राहिला तरी मला खुपत नाही. अंधाऱ्या गेममध्ये कोपऱ्यातला शत्रू लपतो, म्हणून तिथे बंद. जखमी झाल्यावर लाल होणाऱ्या कडा किंवा लपून बसल्यावर येणारा अंधार ही गेमने दिलेली खबर आहे. ती घालवू नका.

मेनूत बटणच नसेल तर

गेम अनरियल इंजिनवर बनलेला असेल, तर पीसीवर `Engine.ini` या फाइलमध्ये हे लिहून बघता येतं:

```
[SystemSettings]
r.SceneColorFringeQuality=0
r.Tonemapper.Quality=1
r.DepthOfFieldQuality=0
```

पहिली ओळ रंगीत किनारी काढते. दुसरी व्हिग्नेट आणि ग्रेन दोन्ही. तिसरी डेप्थ ऑफ फील्ड पूर्ण बंद करते, कटसीनमधलंही, म्हणून हवी तरच लिहा. अनरियल ५ मध्ये ग्रेन राहिलीच तर `r.FilmGrain=0` ही ओळ जोडा. फाइल बहुधा `%LOCALAPPDATA%` मध्ये गेमच्या नावाच्या फोल्डरखाली `Saved\Config` मध्ये असते. आधी तिची प्रत काढून ठेवा. काही गेम या ओळींकडे दुर्लक्ष करतात किंवा ग्राफिक्सचा मेनू उघडला की स्वतःच्या किमती परत लिहितात. आणि अँटी-चीट असलेल्या ऑनलाइन गेममध्ये फाइलींना हात लावू नका, खातं जाण्याचा धोका असतो.

काम झालं का, हे तपासायला आकाशावर दिसणारा एखादा खांब किंवा तार शोधा आणि ती स्क्रीनच्या मध्यावर आणा. मग कॅमेरा हळूहळू वळवून तिला कडेपर्यंत न्या. मध्यावर स्वच्छ आणि कडेला रंगीत दिसली, तर क्रोमॅटिक ॲबरेशन अजून चालू आहे. मध्यावरही रंगीत असेल, तर स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या स्क्रीनवर किंवा फोनवर झूम करून बघा. त्यात किनारी नसतील, तर दोष गेमचा नाही. काही ओलेड पडद्यांवर उपपिक्सेलांची मांडणी वेगळी असल्याने अशा किनारी दिसतात, आणि मेनूतलं कुठलंच बटण त्यांना हात लावू शकत नाही.