‘त्रुटी सांगा’ की ‘दुसरं कारण सांगा’?

संशोधनातले दोष ओळखायला शिकवताना विद्यार्थ्यांना यांपैकी कोणता प्रश्न द्यावा? ते पाहण्यासाठी एक काल्पनिक अभ्यास घेऊ. चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेले 30 विद्यार्थी निवडले, त्यांना सहा आठवडे जादा वर्ग दिला आणि पुन्हा चाचणी घेतली. सरासरी 34 वरून 41 झाली. निष्कर्ष: वर्गाचा फायदा झाला.

पहिला पर्याय म्हणजे नेहमीचा प्रश्न: ‘या अभ्यासातील त्रुटी लिहा.’ उत्तरं ठरलेली असतात. नमुना लहान आहे, विद्यार्थी एकाच ठिकाणचे आहेत. चूक नाही, पण ही वाक्यं कुठल्याही अभ्यासाला चिकटवता येतात. अभ्यास न वाचताही अर्धे गुण पदरात!

दुसरा: ‘वर्ग झालाच नसता तरी सरासरी का वाढली असती? ते तपासायला आराखड्यात एकच बदल सुचवा.’ इथे निवडीकडे पाहावंच लागतं. तळाच्या गुणांमध्ये काहींचा त्या दिवशीचा वाईट योगही मिसळलेला असतो. पुढच्या वेळी तो टिकत नाही आणि गुण आपोआप सरासरीकडे सरकतात. बदलही यातूनच सुचतो: कमी गुणांच्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, एकालाच वर्ग द्या आणि दोन्ही गटांची वाढ ताडून पाहा. ‘नमुना मोठा करा’ इथे चालत नाही. 300 जण घेतले तरी तळाचेच निवडले, तर घोळ तोच.

मात्र दुसरा प्रश्न बोट दाखवून देतो. दोष स्वतःहून दिसतो का, हे पहिलाच तपासतो. म्हणून मी सरावाला दुसरा देते आणि परीक्षेत पहिला, पण असा बदलून: ‘निष्कर्षाला सर्वाधिक धक्का देणारा एकच दोष लिहा आणि त्यामुळे परिणाम फुगतो की आकसतो ते सांगा.’