नाव आपलं, डोमेन दुसऱ्याचं: विकत घ्यावं, लवादाकडे जावं की कोर्टात?

निपाणीचे एक काका कोल्हापुरी चपला बनवतात. बाप-आजापासूनचा धंदा. 2015 साली त्यांनी स्वतःचं ब्रँडनाव घेतलं. खरं नाव देत नाही, 'अमुकपायताण' म्हणू. गेल्या वर्षी ते माझ्या बेळगावच्या ऑफिसात आले तेव्हा हातात मोबाईल होता. स्क्रीनवर `amukpaytan.in` टाकलं की दुसऱ्याच एका चप्पलवाल्याचं दुकान उघडत होतं. "वकीलसाहेब, नाव आमचं आन् गिऱ्हाईक त्येच्या दारात?" एवढंच म्हणाले. शिवाय `amukpaytan.com` वेगळ्याच कुणाकडे होतं. त्यावर 'विक्रीसाठी उपलब्ध' अशी पाटी, आणि तो दोन लाख मागत होता.

वरवर दोन्ही प्रकरणं सारखी दिसतात, पण दोन्हींचे रस्ते वेगळे निघाले. तुमच्या नावाचं असं काही झालं असेल तर आधी तारीख बघा. `lookup.icann.org` वर डोमेनचं नाव टाकलं की ते कधी तयार झालं हे दिसतं. मालकाचं नाव आजकाल बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण तारीख झाकत नाहीत.

काकांच्या `.com` ची तारीख होती 2011. ब्रँड 2015 चा. म्हणजे त्या माणसानं नाव घेतलं तेव्हा काकांचा ब्रँड जन्मालाच आला नव्हता, आणि तिथेच एक रस्ता बंद झाला.

`.com` साठीचा नेहमीचा रस्ता म्हणजे यूडीआरपी. डोमेनचे वाद कोर्टाबाहेर सोडवायची 1999 पासूनची ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आणि बौद्धिक संपदेचं काम पाहणाऱ्या जिनिव्हाच्या वायपो संस्थेकडे तक्रार करता येते. एक ते पाच डोमेनांसाठी एका पंचाची फी 1500 डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर, वकील वेगळा. तिथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डोमेन तुमच्या ट्रेडमार्कशी जुळतं किंवा फसवणूक होईल इतकं सारखं आहे, समोरच्याला त्या नावावर काही न्याय्य हक्क नाही, आणि त्यानं ते बदनियतीनं घेतलं *आणि* बदनियतीनं वापरतो आहे. या 'आणि'पाशी पुष्कळ तक्रारी अडतात. जो ब्रँड अस्तित्वातच नव्हता, त्याच्यावर डोळा ठेवून नाव घेतलं असं म्हणता येत नाही. उलट तक्रार निव्वळ दामटून केलेली दिसली तर पंच तुमच्याच नावावर तसा शेरा मारतात. एक बारकावा लक्षात ठेवा: मधल्या काळात डोमेन नव्या माणसाला विकलं गेलं असेल, तर त्यानं घेतल्याची तारीख धरली जाते. जुन्याच मालकानं दरवर्षी नुसतं नूतनीकरण केलं असेल तर मूळ तारीखच. काकांच्या प्रकरणात विक्री झाल्याची खूण कुठेच सापडली नाही.

शिवाय 'पायताण' हा आपल्याकडे रोजचा शब्द. 'कोल्हापुरी' तर त्याहून मोकळा: त्या चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे, बेळगाव त्यातलाच एक. अशा शब्दांवर कुणा एकाला मालकी सांगता येत नाही. वजन असतं ते 'अमुक'ला.

म्हणून `.com` साठी मी काकांना विकत घ्या म्हटलं. वकिलानं असं सांगितलेलं लोकांना पटत नाही, पण हरणाऱ्या तक्रारीवर सव्वा लाख घालण्यापेक्षा घासाघीस बरी. ती कंपनीच्या नावानं न करता साध्या ईमेलवरून केली, कारण गरजू गिऱ्हाईक दिसलं की भाव चढतो. पैसे एस्क्रोत, म्हणजे मधल्या तिऱ्हाइताकडे ठेवले. डोमेन ताब्यात आल्यावरच विकणाऱ्याला मिळाले. सौदा चाळीस हजारांत पटला.

`.in` ची गोष्ट निराळी. ते घेतलं होतं काकांच्या वेबसाइटवाल्यानं, कोल्हापूरच्या पोरानं, काकांच्याच पैशातून पण स्वतःच्या नावावर. आपल्या भागात हा प्रकार घरोघरी आहे. पुढे बिलावरून वाजलं आणि त्यानं डोमेन दुसऱ्या दुकानाकडे वळवलं. आता विचार करा: हे डोमेन घेताना त्याची नियत वाईट होती का? नव्हती, काकांच्याच कामासाठी घेतलं होतं. `.com` असतं तर ही तक्रारही त्या 'आणि'वर अडली असती, किंवा हा तुमच्यातला कराराचा वाद आहे म्हणून पंचांनी बाजूला ठेवली असती.

`.in` ला मात्र इंडआरपी ही आपल्या देशातली पद्धत लागू होते. ती चालवते `.in` डोमेनांचा कारभार पाहणारी निक्सी ही संस्था, लवाद एक, आणि कायदा 1996 चा लवाद कायदा. फी रुपयांत, वायपोपेक्षा बरीच कमी. मुख्य फरक असा, की इथे बदनियतीनं घेतलं *किंवा* वापरलं, एवढं पुरतं. डोमेन दुसऱ्याच्या दुकानाकडे वळवणं हा वापर झाला, आणि तो पुराव्यात दाखवता आला. डोमेनचे पैसे पाठवल्याची पावती, 'काका, तुमचं नाव घेऊन टाकलं' हा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज, 2015 पासूनची बिलं, आणि वळवलेल्या पानाचे तारखेसकट फोटो. मराठी बिलांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागलं. साठ दिवसांत निवाडा द्यावा असा नियम आहे.

लोक घाईत एक चूक करतात: आधी धमकीची नोटीस पाठवतात. समोरचा लगेच डोमेन दुसऱ्याच्या नावावर करून टाकतो. तक्रार आधी दाखल करा. यूडीआरपीत तर समोरच्याला कळण्याआधीच डोमेनला कुलूप लागतं.

मग कोर्ट कशाला? कारण या दोन्ही पद्धतींत फक्त नाव मिळतं, नुकसानभरपाई नाही. दिवाळीची ऑर्डर गेली तर ती मागायला कोर्टच. तातडीचा मनाई हुकूमही तिथेच. डोमेन हेही ट्रेडमार्कसारखंच जपलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं. तो खटला कर्नाटकातूनच वर गेला होता: बेंगळुरूच्या दिवाणी न्यायालयानं मनाई दिली, उच्च न्यायालयानं काढली, सर्वोच्च न्यायालयानं परत बसवली.

आता सीमेवरच्या माणसाला भेडसावणारा प्रश्न: कोर्ट कुठलं? ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर उल्लंघनाचा दावा तुम्ही जिथे धंदा करता तिथे लावता येतो. नोंदलेला नसेल तर पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल तुमच्या नावानं खपवल्याचा दावा सहसा समोरच्याच्या गावी, म्हणजे काकांना कोल्हापूर. नुकसान बेळगाव जिल्ह्यात झालं असं पटवून इथे आणता येतो, पण त्यावरच पहिल्या काही तारखा जातात. दोन्ही दावे तालुक्याच्या दिवाणी कोर्टात चालत नाहीत, जिल्हा न्यायालयाच्या पायरीचं कोर्ट लागतं. आणि आपल्या जिल्ह्याच्या माणसाचा ट्रेडमार्क अर्ज मुंबईला जात नाही, चेन्नईला जातो. वैयक्तिक किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन फी मालाच्या एका वर्गाला 4,500 रुपये. चपलांचा वर्ग 25.

काकांनी ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. `.in` लवादाकडून त्यांच्या नावावर झालं. नुकसानीचा दावा त्यांनी लावला नाही. "कोल्हापूरला हेलपाटं कोण घालंल," म्हणाले. आता दोन्ही डोमेनांच्या खात्यावर काकांचाच ईमेल आणि काकांचाच फोन नंबर आहे. नवी वेबसाइट भाचीनं केली. पासवर्ड मात्र तिच्याकडे दिलेला नाही.