सहा-आठची फॅट सहा-एक लागते तेव्हा: पिपेट आणि अंगठ्याची लबाडी

म्हशीचं दूध, रोज 12 लिटर, एकच दूध संकलन केंद्र. वैरण-पेंड तीच, वेताचे दिवसही फारसे बदललेले नाहीत, तरी फॅट 6.8 वरून 6.1 वर आली आणि तिथेच राहिली. उत्पादकाने विचारलं की उत्तर ठरलेलं: "म्हैस पातळ द्यायला लागली." दूध दुसरीकडे तपासलं तर 6.8 लागलं. फरक दोन ठिकाणी पडत होता आणि दोन्ही गोष्टी समोर उभं राहून दिसत होत्या, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं होतं.

आधी फॅट मोजण्याची बरोबर पद्धत. ब्युटिरोमीटर म्हणजे फॅट मोजायची पट्टी आखलेली काचेची नळी. तिच्यात 10 मिली गर्बर अ‍ॅसिड, म्हणजे तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यावर नळीच्या कडेने हळूहळू 10.75 मिली दूध, मग 1 मिली अमाईल अल्कोहोल. लॉक स्टॉपर लावून कपड्यात धरून हलवायचं, कारण नळी चांगलीच तापते. दह्यासारखे कण पूर्ण विरघळले की 65 अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं, सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला सुमारे 1100 फेऱ्यांनी चार-पाच मिनिटं, पुन्हा 65 अंशांच्या पाण्यात, आणि बाहेर काढताच रीडिंग.

पहिली लबाडी दुधाच्या पिपेटची. तिथे 10.75 ऐवजी 10 मिलीची साधी पिपेट होती. सगळी पट्टी 10.75 मिली दुधासाठी आखलेली असते, त्यामुळे 6.8 चं दूध 10 मिली घेतलं तर 6.8 × 10 ÷ 10.75, म्हणजे 6.3 दिसतं. 0.1 फॅट म्हणजे एक पॉइंट, म्हणजे पाच पॉइंट इथेच गेले. असं दूध भरलं की नळी जरा रिकामी राहते आणि फॅटचा थर पट्टीत यायला थोडं कोमट पाणी घालावं लागतं. पाणी घालणं ही चोरी नव्हे, अनेक केंद्रांत ते चालतं. पण प्रत्येक नळीला घालावं लागत असेल तर पिपेट हातात घेऊन बघा.

तपासणी सोपी आहे. पिपेट खुणेपर्यंत पाण्याने भरा आणि ते पाणी सोनाराच्या काट्यावर ठेवलेल्या वाटीत सोडा. 10.75 मिलीचं वजन 10.7 ग्रॅमच्या आसपास भरतं. 10 ग्रॅमजवळ भरलं तर पिपेट चुकीची आहे. पिपेट बरोबर असूनही फेसाळ, नुकतंच काढलेलं दूध ओढलं तर दुधाच्या जागी फेस मोजला जातो आणि फॅट कमी लागते. किटली न ढवळता तळातून नमुना घेतला तरी तेच होतं, साय वर राहते.

दुसरी लबाडी अंगठ्याची. फॅटच्या पिवळ्या थराला दोन टोकं असतात. किल्लीने स्टॉपर वर-खाली करून खालचं टोक शून्यावर किंवा एखाद्या पूर्ण रेघेवर आणायचं, मग वरच्या टोकाच्या वक्र कडेचा सगळ्यात खालचा भाग वाचायचा आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी करायची. इथे खालचं टोक शून्याच्या दोन बारीक रेघा खाली होतं, त्यावर अंगठा होता आणि फक्त वरचा आकडा मोठ्याने सांगितला जात होता. 6.3 चे 6.1 झाले. एका पॉइंटला 80 पैसे दर धरला तर सात पॉइंटचे लिटरमागे 5 रुपये 60 पैसे, 12 लिटरचे रोज 67 रुपये 20 पैसे. शिवाय लॅक्टोमीटरवरून एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ, काढताना फॅटचा आकडा सूत्रात जातो, त्यामुळे फॅट घसरली की कागदावर एसएनएफही थोडं उतरतं.

सगळ्या कमी रीडिंगला चोरी म्हणू नये. अ‍ॅसिडची बाटली उघडी राहिली तर ते हवेतली ओल शोषून सौम्य होतं. मग थराखाली पांढरे कण राहतात आणि त्यात फॅट अडकते. काळे कण दिसले तर अ‍ॅसिड जास्त तीव्र आहे किंवा दूध घाईने ओतलं आहे. पांढरे किंवा काळे कण दिसले त्या नळीचं रीडिंग धरायचं नाही, तपासणी पुन्हा करायची. नळी थंड झाल्यावर वाचली तर फॅट आकसते, साधारण एखाद्या पॉइंटचा फटका बसतो, आणि थर धूसर दिसतो. हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज सावकाश फिरलं तर फॅट पूर्ण वर येत नाही. अशा वेळी तीच नळी पुन्हा तापवून पुन्हा फिरवायला सांगा. आकडा वाढला, तर पहिली फिरवणी अपुरी होती.

वाद झालाच तर त्याच किटलीतलं दूध नीट ढवळून दोन नळ्यांत एकाच वेळी लावायला सांगा. 0.1 पेक्षा जास्त फरक पडता कामा नये. मात्र दोन्ही नळ्यांत तीच 10 मिलीची पिपेट वापरली तर आकडे छान जुळतील आणि दोन्ही चुकीचे असतील, म्हणून पिपेट आधी तपासून घ्या आणि मगच नळ्या भरायला लावा.